पहिला क्रमांक: कधीचा आणि कुणातला?

दर गुरुवारी मराठी वाहिन्यांच्या कार्यालयांत मागच्या आठवड्याचे आकडे येतात. तो आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपलेला असतो. आकडे आले की कोणत्या मालिकेने किती ‘पॉइंट’ मिळवले, कोणती पुढे गेली आणि कोणती घसरली याची चर्चा वाहिनीपासून चित्रीकरणाच्या सेटपर्यंत पोहोचते. त्यावर लेखकाला कथानक वळवावं लागतं, एखाद्या मालिकेची वेळ बदलते, एखादी गुंडाळली जाते. संध्याकाळपर्यंत समाजमाध्यमांवर याद्या फिरू लागतात आणि काही दिवसांत चौकातल्या फलकावर, वर्तमानपत्राच्या जाहिरातीत, वाहिनीच्याच प्रोमोमध्ये एक वाक्य झळकतं: ‘महाराष्ट्राची नंबर वन.’

हे वाक्य खोटं असतंच असं नाही. पण ते बहुतेक वेळा अर्धं असतं. कोणत्या आठवड्याचं आणि कोणत्या प्रेक्षकांमधलं, हे त्यात नसतं. या दोन गोष्टी काढून घेतल्या तर एकाच दिवशी दोन-तीन वाहिन्या प्रामाणिकपणे पहिल्या असू शकतात. हे कसं घडतं ते समजून घ्यायचं, तर पॉइंट म्हणजे काय इथूनच सुरुवात करायला हवी.

पॉइंट कसा मोजतात?

टीआरपीचा एक पॉइंट म्हणजे ठरवलेल्या प्रेक्षकवर्गाचा एक टक्का. तो सलग सगळ्या कार्यक्रमाला बसलेला एक टक्का असेलच असं नाही, मिनिटामिनिटाची सरासरी काढून तो आलेला असतो. कार्यक्रमाच्या प्रत्येक मिनिटाला किती माणसं बघत होती ते मोजायचं, त्यांची सरासरी काढायची आणि त्या वर्गाच्या एकूण लोकसंख्येने भागायचं. ही सरासरी माणसांच्या संख्येत सांगितली तर तिला ‘सरासरी मिनिट प्रेक्षकसंख्या’ म्हणतात, टक्क्यांत सांगितली तर पॉइंट.

एक छोटा हिशेब करून पाहू. शंभर प्रेक्षकांचं गाव समजा आणि अर्ध्या तासाच्या दोन मालिका. पहिली मालिका २० जणांनी पूर्ण पाहिली, आणखी ४० जण ती लावून पाच मिनिटांत दुसरीकडे गेले. पाहिली गेलेली एकूण मिनिटं झाली ६०० अधिक २००, म्हणजे ८००. तीसने भागलं की सरासरी येते साधारण २७. दुसरी मालिका वेगळ्या वेळेला लागली आणि ३० जणांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. तिची सरासरी ३०. पॉइंटच्या यादीत दुसरी मालिका वर. पण ‘किती जणांपर्यंत पोहोचली’ असं विचारलं तर पहिली ६० जणांपर्यंत गेली आणि दुसरी फक्त ३०. या दुसऱ्या मापाला ‘रीच’ म्हणतात. ‘सर्वाधिक लोकांनी पाहिलेली’ असा दावा पहिली मालिका रीचवर करू शकते आणि ‘सर्वाधिक रेटिंगची’ असा दावा दुसरी. दोन्ही खरे. म्हणून क्रमांक वाचताना माप कोणतं हेही पाहावं लागतं, पण माप बहुधा सरासरीचंच असतं. खरी गफलत होते ती प्रेक्षकवर्गात आणि तारखेत.

आकडा घरातून येतो तेव्हा

भारतात दूरचित्रवाणीचं मोजमाप करते ती संस्था म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, रोजच्या बोलण्यात ‘बार्क’. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था या तिघांच्या संघटनांनी मिळून ती उभी केली. तिचे पहिले आकडे एप्रिल २०१५मध्ये आले. त्याआधी ‘टॅम’चे आकडे चालत.

बार्कची पद्धत अशी. वाहिनी जे प्रक्षेपण करते त्याच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरातल्या टीव्हीजवळ मीटर बसवलेला असतो, तो ती खूण ओळखतो आणि कोणती वाहिनी, किती वाजता लागली होती हे नोंदवतो. पण टीव्ही लागला म्हणजे कोण बघत होतं हे कळत नाही. त्यासाठी त्या घराला एक वेगळा रिमोट दिलेला असतो. घरातल्या प्रत्येक माणसाचं एक बटण. बघायला बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. आजी सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बटण तसंच राहिलं, तर त्या अजूनही मालिका बघतायत असंच मीटर समजतो. म्हणजे वाहिनीची नोंद यंत्र करतं, पण प्रेक्षकाची नोंद माणसाच्या सवयीवर उभी आहे. वय, लिंग, वर्ग यांनुसार आकडे फोडले जातात, तेव्हा ते या बटणांवर अवलंबून असतात.

मीटर असलेली घरं किती? जुलै २०२५मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने रेटिंगच्या नियमांत दुरुस्ती सुचवली, तेव्हा दिलेला आकडा होता सुमारे ५८ हजार. देशातली टीव्ही असलेली घरं सुमारे २३ कोटी. म्हणजे एका मीटरच्या पाठीशी सरासरी चार हजार घरं. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण त्यासाठी पातेलं नीट ढवळलेलं हवं. म्हणून घरं निवडताना शहर-गाव, घराचा आकार, भाषा आणि आर्थिक-शैक्षणिक स्तर यांचं प्रमाण सांभाळावं लागतं, आणि आकडे काढताना जिथे एखादा गट कमी पडला असेल तिथे त्याला जास्त वजन द्यावं लागतं. आर्थिक स्तर ठरवण्याची पद्धतही ठरलेली आहे: कुटुंबातल्या मुख्य कमावत्या व्यक्तीचं शिक्षण आणि घरात ठरावीक अकरा वस्तूंपैकी किती आहेत, यावरून ए ते ई असे वर्ग पडतात. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘एनसीसीएस एबी’ असं लिहिलेलं असतं, ते याच वर्गीकरणातले वरचे दोन थर.

एकाच संध्याकाळी तीन पहिले

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. आकडे हिशेबापुरते घेतलेले आहेत, कोणत्याही खऱ्या वाहिनीचे नाहीत.

समजा एका प्रादेशिक बाजारात आठ कोटी प्रेक्षक आहेत, चार कोटी शहरांत आणि चार कोटी गावांत. क वाहिनीची रात्री आठची मालिका शहरात १२ लाख आणि गावांत २८ लाख लोक बघतात, एकूण ४० लाख. ख वाहिनीची मालिका शहरात २० लाख आणि गावांत १२ लाख, एकूण ३२ लाख. ग वाहिनीचा विनोदी कार्यक्रम एकूण बराच कमी पाहिला जातो, पण शहरातल्या १५ ते ३० वर्षांच्या पुरुषांत, ज्यांची संख्या ६० लाख मानू, त्याला ३ लाख ६० हजार प्रेक्षक मिळतात आणि या वयोगटात इतर कुणालाच तितके मिळत नाहीत.

पॉइंट काढा. शहर आणि ग्रामीण मिळून क मालिकेला ५ पॉइंट, ख मालिकेला ४. क पहिली. फक्त शहरात क मालिकेला ३ आणि ख मालिकेला ५. ख पहिली. शहरी तरुण पुरुषांत ग कार्यक्रमाला ६ पॉइंट. ग पहिला. तिन्ही वाहिन्यांनी ‘नंबर वन’चा फलक लावला तर एकानेही खोटं सांगितलेलं नाही. आणि प्रेक्षकवर्ग न सांगता नुसते पॉइंट शेजारी मांडले, ६, ५ आणि ५, तर ग सगळ्यांत लोकप्रिय वाटेल. प्रत्यक्षात त्या सहा पॉइंटांमागे साडेतीन लाखांच्या आसपास माणसं आहेत आणि क मालिकेच्या पाच पॉइंटांमागे ४० लाख. पॉइंट हा टक्का आहे. कशाचा टक्का हे न सांगता तो सांगणं म्हणजे छेदाशिवाय अपूर्णांक सांगणं.

याचा व्यवहारावर थेट परिणाम होतो. जाहिरातदार दर पॉइंटमागे किती पैसे पडतात हे पाहतो. समजा दोन्ही मालिकांत दहा सेकंदांच्या जाहिरातीला ५० हजार रुपये लागतात. एकूण बाजार पाहिला तर क मालिकेत एक पॉइंट १० हजारांना पडतो आणि ख मालिकेत साडेबारा हजारांना. क स्वस्त. पण जाहिरातदार पुण्या-नाशकात फ्लॅट विकणारा असेल तर त्याला शहरी पॉइंट हवेत: क मालिकेत ते १६,६६७ रुपयांना आणि ख मालिकेत १० हजारांना. त्याच्यासाठी ‘महाराष्ट्राची नंबर वन’ मालिका महाग आहे. उलट शेतीपंप विकणाऱ्याला ग्रामीण पॉइंट क मालिकेत ७,१४३ रुपयांना मिळतो आणि ख मालिकेत १६,६६७ रुपयांना. मोठ्या कंपन्यांकडे हा हिशेब करणारे माध्यम नियोजक असतात, त्यांची फसवणूक होत नाही. सांगली-जळगावचा एखादा सराफ किंवा मसालेवाला पहिल्यांदा टीव्हीवर जाहिरात देतो, तेव्हा त्याच्यासमोर फक्त फलक असतो. नुकसान होतं ते त्याचं.

बारीक वर्गाचा धोका

ग वाहिनीच्या दाव्यात आणखी एक कमकुवत जागा आहे. वर्ग जितका बारीक करत जावं तितकी त्यातली मीटरची माणसं कमी होत जातात. समजा शहरी तरुण पुरुषांच्या गटात नमुन्यात फक्त ४०० जण आहेत. सहा पॉइंट म्हणजे त्यातले २४ जण. संख्याशास्त्राच्या साध्या सूत्राने पाहिलं तर अशा नमुन्यावरून खरा आकडा पावणेचार ते सव्वाआठ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. पुढच्या आठवड्यात यांपैकी सहा जण परीक्षेला बसले किंवा गावी गेले की सहाचे साडेचार झाले. मालिका घसरली असं म्हणावं असं यात काहीच घडलेलं नाही. दहा हजार जणांच्या नमुन्यावर आलेला पाच पॉइंटचा आकडा मात्र ४.६ ते ५.४ एवढ्याच पट्ट्यात फिरतो. प्रत्यक्षात दोन्ही पट्टे याहून रुंद असतात, कारण एका घरातली माणसं बहुधा एकत्रच टीव्ही बघतात. चार जणांचं घर म्हणजे चार स्वतंत्र मतं नव्हेत.

यावरून एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. दाव्यात प्रेक्षकवर्ग लिहिलेला असेल आणि तो फारच नेमका असेल, अमुक वयाचे, अमुक लिंगाचे, अमुक स्तरातले, फक्त दहा लाखांवरच्या शहरांतले, फक्त रविवारी रात्रीचे, तर समजावं की पहिला क्रमांक मिळेपर्यंत वर्ग कापत आणलेला आहे. वाहिनीने तो कार्यक्रम खरोखर त्याच वर्गासाठी बनवलेला असेल तर ते योग्य आहे. लहान मुलांच्या वाहिनीने लहान मुलांमधलाच क्रमांक सांगावा. पण घरातल्या सगळ्यांसाठीच्या मनोरंजन वाहिनीने अशा कोपऱ्यात उभं राहून ‘महाराष्ट्र’ म्हणू नये.

‘महाराष्ट्र’ म्हणजे कोण?

बार्क आपल्या संकेतस्थळावर दर आठवड्याला भाषावार याद्या प्रसिद्ध करते. मराठीच्या यादीवर बाजार लिहिलेला असतो महाराष्ट्र–गोवा, शहर आणि ग्रामीण, आणि प्रेक्षकवर्ग दोन वर्षांवरील सर्व. हा तपशील वाचला की काही गोष्टी उलगडतात.

हा बाजार भूगोलावर ठरलेला आहे, भाषेवर नाही. मुंबईतल्या गुजराती किंवा हिंदी घरातली सून मराठी मालिका बघत असेल आणि त्या घरात मीटर असेल, तर तिची नोंद या यादीत होते. बेळगावातलं मराठी घर कर्नाटकात मोजलं जातं, इंदूरचं मध्य प्रदेशात, बडोद्याचं गुजरातेत. ती घरं मराठी मालिका कितीही निष्ठेने बघत असोत, महाराष्ट्र–गोवा बाजाराच्या आकड्यात ती येत नाहीत. परदेशातला मराठी प्रेक्षक तर या मोजणीच्या पूर्ण बाहेर. त्यामुळे ‘जगभरातल्या मराठी माणसांची पहिली पसंती’ हे वाक्य या आकड्यांवरून कधीच सिद्ध होत नाही.

दुसरं, हे मोजमाप टीव्हीवरच्या वाहिनीचं आहे. जुलै २०२५च्या निवेदनात मंत्रालयानेच मान्य केलं की स्मार्ट टीव्ही, स्ट्रीमिंगची उपकरणं आणि मोबाइलवरची अ‍ॅप्स यांवरून होणारं बघणं सध्याच्या पद्धतीत पुरेसं येत नाही. लोकलमध्ये बसून कालचा भाग मोबाइलवर पाहणारी नोकरदार स्त्री ही त्या मालिकेची खरी प्रेक्षक आहे, पण टीआरपीत ती नाही. यूट्यूबचे व्ह्यूज आणि टीआरपीचे पॉइंट एकमेकांत मिसळता येत नाहीत, कारण एकात क्लिक मोजले जातात आणि दुसऱ्यात माणसांची मिनिटं.

तारीख का हवी?

आता पुन्हा आपल्या उदाहरणाकडे. पहिल्या आठवड्यात क मालिकेला ४० लाख आणि ख मालिकेला ३२ लाख. दुसऱ्या आठवड्यात भारताचा क्रिकेट सामना संध्याकाळी आला, क मालिकेचे प्रेक्षक ३३ लाखांवर उतरले. त्याच आठवड्यात ख मालिकेत लग्नाचा महाएपिसोड होता, ती ३६ लाखांवर गेली. पुढच्या दोन आठवड्यांत क मालिकेला ३९ आणि ४० लाख, ख मालिकेला ३३ आणि ३१. चार आठवड्यांची सरासरी काढली तर क ३८ लाख आणि ख ३३ लाख. क निर्विवाद पुढे आहे. पण ख मालिका एक आठवडा खरोखर पहिली होती. तिचा फलक त्या आठवड्याच्या आकड्यावर छापला गेला आणि त्यावर तारीख नाही. महिन्याने, सहा महिन्यांनी तो फलक वाचणाऱ्याला ती आजही पहिली आहे असंच वाटतं. एका आठवड्याचं यश कायमची स्थिती बनून बसतं.

आठवडे सारखे नसतात हे मराठी वाहिन्यांत काम करणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. गणेशोत्सवात लोक घराबाहेर असतात, आयपीएलमध्ये घरातला रिमोट दुसऱ्याच्या हातात जातो, महाएपिसोड आणि मोठ्या कलाटण्या मुद्दाम आखल्या जातात. म्हणून एका आठवड्यावरून नेतृत्व सांगण्यापेक्षा सलग काही आठवड्यांची सरासरी सांगणं अधिक प्रामाणिक. आणि ती सांगताना पहिला आणि शेवटचा आठवडा लिहिणं गरजेचं.

तारखेचं दुसरं कारण याहून मोठं आहे. मोजपट्टीच बदलत आलेली आहे. टॅमच्या काळात मोजमाप शहरांपुरतं होतं, ग्रामीण भारत त्यात नव्हता. म्हणजे त्या काळातला कोणत्याही वाहिनीचा पहिला क्रमांक हा शहरी प्रेक्षकांतलाच होता. बार्कनेही सुरुवात शहरांपासून केली. ऑक्टोबर २०१५मध्ये ग्रामीण आकडे पहिल्यांदा त्यात आले आणि हिंदी वाहिन्यांच्या यादीचं चित्र बदललं. डीडी फ्री डिशवर महिन्याचं शुल्क न भरता दिसणाऱ्या, जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्या झी अनमोलसारख्या वाहिन्या गावांतल्या यादीत वर आल्या. त्या आठवड्यात प्रेक्षकांची आवड बदलली नव्हती. आधी न मोजलेले प्रेक्षक मोजले गेले, एवढंच घडलं होतं. पुढे मार्च २०१९पासून मोठ्या समूहांनी आपल्या अशा वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, आणि तिथे राहिलेली दंगल ही वाहिनी हिंदी मनोरंजनात सगळ्यांच्या वर जाऊन बसली. २०१४चा ‘नंबर वन’ आणि २०१९चा ‘नंबर वन’ हे शब्द सारखे असले तरी त्यांमागचा देश वेगळा आहे.

मराठीतही वर्षाशिवाय वाक्याला अर्थ उरत नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही झी मराठीवरची मालिका २०१६मध्ये सुरू झाली आणि पुढे दीर्घकाळ यादीच्या माथ्यावर राहिली. स्टार प्रवाहवरची ‘ठरलं तर मग’ डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाली आणि तिनेही पुढे कितीतरी आठवडे पहिला क्रमांक राखला. दोन्हींबद्दल ‘मराठीतली पहिल्या क्रमांकाची मालिका’ असं लिहिता येतं. वर्ष लिहिलं तर ती मराठी टीव्हीच्या इतिहासातली दोन पानं होतात. वर्ष काढलं तर एका वाक्याला दुसरं खोडून काढतं.

बातम्यांचा प्रकार वेगळा का?

वृत्तवाहिन्यांच्या बाबतीत तारखेचं महत्त्व सगळ्यांत ठळक दिसतं. ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी एक प्रकरण पुढे आणलं. मीटर असलेल्या काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावून ठेवायला सांगितलं जातं, असा त्यात आरोप होता, आणि त्यात एका मराठी वाहिनीचंही नाव घेतलं गेलं. २०२४मध्ये न्यायालयाने हा खटला मागे घेण्याची परवानगी दिली, त्यामुळे कुणाला दोषी म्हणण्याचा प्रश्न नाही. पण आरोपामागचं गणित समजून घ्यावं असं आहे. एका मीटरच्या पाठीशी हजारो घरं असतात. ज्या प्रकारच्या वाहिन्या मुळातच कमी बघितल्या जातात, त्यांत दहा-वीस घरांनी दिवसभर एक वाहिनी लावून ठेवली तरी क्रमांक हलू शकतो. मालिकांच्या बाबतीत तेवढ्याने फरक पडत नाही, कारण तिथे प्रेक्षक खूप आहेत. म्हणूनच मीटर असलेली घरं गुप्त ठेवावी लागतात, आणि एखाद्या घराचं बघणं अचानक अवास्तव वाढलं तर ते बाजूला काढावं लागतं.

त्या प्रकरणानंतर बार्कने वृत्तवाहिन्यांचे वाहिनीवार आकडे देणं थांबवलं. सांगितलं होतं आठ ते बारा आठवडे, प्रत्यक्षात ते पुन्हा सुरू झाले मार्च २०२२मध्ये. ते परत आले तेही आठवड्याचे सुटे आकडे म्हणून नव्हे, तर चार आठवड्यांची सरकती सरासरी म्हणून. दर गुरुवारी एक नवा आठवडा आत येतो आणि सगळ्यांत जुना बाहेर जातो. याचे दोन परिणाम ध्यानात घ्यायला हवेत. पहिला: ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या सुमारे दीड वर्षात कोणत्याही वृत्तवाहिनीला बार्कच्या ताज्या आकड्यांवरून पहिलं म्हणता येत नव्हतं, कारण ताजे आकडे नव्हतेच. त्या काळातला बार्कचा हवाला देणारा बिनतारखेचा दावा जुन्याच आकड्यांवर उभा असणार. दुसरा: २०२२नंतर ‘या आठवड्यात आम्ही पहिले’ असं वृत्तवाहिनीने म्हणणंच चुकीचं, कारण आकडा एका आठवड्याचा नसतो. निवडणूक निकालाचा एक मोठा दिवस पुढच्या चार आकड्यांत मिसळलेला राहतो.

वृत्तवाहिन्यांत ‘लँडिंग पेज’ हाही प्रश्न आहे. सेट टॉप बॉक्स सुरू केला की आधी जी वाहिनी आपोआप दिसते, ती जागा वाहिन्या केबलवाल्याकडून पैसे देऊन घेतात. प्रेक्षकाने निवड केलेली नसते, पण काही क्षण तरी ती वाहिनी घरात लागलेली असते. यात रीच सगळ्यांत फुगतो, कारण लाखो घरांत वाहिनी क्षणभर दिसते. सरासरी तितकी फुगत नाही, कारण लोक पटकन पुढे जातात. बार्क हे बघणं ओळखून त्याचा परिणाम कमी करण्याची गाळणी वापरते. वाचकाने ओळखायचं ते असं: रीच एकदम वाढला आणि प्रत्येक प्रेक्षकाने दिलेला सरासरी वेळ त्याच आठवड्यात घटला, तर लोक त्या वाहिनीकडे आले नाहीत, ती त्यांच्यासमोर आणून ठेवली गेली.

नियम काय सांगतो?

तारीख आणि स्रोत लिहा ही केवळ सदिच्छा नाही. जाहिरातींवर देखरेख ठेवणारी अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल १९८५पासून मुंबईत काम करते. तिच्या आचारसंहितेत स्पष्ट तरतूद आहे की जाहिरातीतला दावा स्वतंत्र संशोधनावर आधारलेला असल्याचं सांगितलं असेल, तर त्या संशोधनाचा स्रोत आणि तारीख जाहिरातीत द्यायला हवी. केबल टीव्हीच्या नियमांनुसार या संहितेचा भंग करणारी जाहिरात केबलवर दाखवता येत नाही. चुकीच्या दाव्याविरुद्ध कोणताही नागरिक कौन्सिलकडे तक्रार करू शकतो.

तळटीप असतेही पुष्कळदा. अडचण तिच्या आकाराची आहे. प्रोमोमध्ये ती दोन सेकंद दिसते, फलकावर रस्त्यावरून वाचता येत नाही, आणि बातमीत उतरताना गळून पडते. वाहिनीच्या जाहिरातीत ‘शहरी, १५ वर्षांवरील, एबी, अमुक चार आठवडे’ असं असतं. तिथून समाजमाध्यमांवर उचललेल्या यादीत फक्त मालिकेचं नाव आणि पॉइंट उरतात. त्या यादीवरून केलेल्या बातमीत ‘या आठवड्यात कुणी मारली बाजी’ एवढंच राहतं. मनोरंजनाच्या पानांवर लिहिणाऱ्यांनी ही साखळी तोडायला हवी, कारण वाचकापर्यंत शेवटचा दुवा त्यांचाच आहे. बार्कची जाहीर यादी उपलब्ध आहे. तिच्यावर आठवडा, बाजार आणि प्रेक्षकवर्ग छापलेला असतो. तो जसाच्या तसा पहिल्या परिच्छेदात घ्यायला एक ओळ लागते.

पूर्ण दावा कसा दिसतो? ‘महाराष्ट्र–गोवा, शहर आणि ग्रामीण, दोन वर्षांवरील सर्व प्रेक्षक, अमुक ते अमुक तारखांचे सलग चार आठवडे, सरासरी मिनिट प्रेक्षकसंख्येनुसार, मराठी मनोरंजन वाहिन्यांत पहिली.’ हे वाक्य लांब आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा काम करतो. यातला एक तुकडा काढून पाहा आणि दुसरी कोणती वाहिनी तेच वाक्य खरेपणाने म्हणू शकते ते शोधा. बाजार काढला तर ख वाहिनी पुढे येते. वर्ग काढला तर ग. तारीख काढली तर एका आठवड्यापुरती पुढे गेलेली कुणीही.

मला हा आग्रह धरावासा वाटतो, कारण या आकड्यांवर प्रेक्षकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी अधिक गोष्टी अवलंबून आहेत. बारा-बारा तास सेटवर उभ्या राहणाऱ्या कलाकार-तंत्रज्ञांची नोकरी, एखाद्या वेगळ्या विषयावरच्या मालिकेला मिळणारी आणखी तीन महिन्यांची मुदत, मराठीत कोणत्या गोष्टी सांगितल्या जातील याचा निर्णय, हे सगळं गुरुवारच्या त्या आकड्यातून ठरतं. गावात खूप पाहिली जाणारी मालिका शहरी आकड्यावर ‘पडली’ म्हणून बंद झाली, किंवा एका सामन्याच्या आठवड्यातल्या घसरणीवर कथानक मोडलं गेलं, तर तो अन्याय आकड्याने केलेला नसतो. आकडा आपला वर्ग आणि आपली तारीख बरोबर घेऊनच येतो. ती दोन्ही टाकून देणारे आपण असतो, आणि ती परत मागणंही आपल्याच हातात आहे: पुढच्या वेळी ‘नंबर वन’ वाचलं की कधीचा आणि कुणातला हे विचारायचं, आणि उत्तर मिळालं नाही तर तो दावा सिद्ध झालेला मानायचा नाही.